विद्यार्थ्यांच्या क्लाउड प्रात्यक्षिकांसाठी प्राचार्यांकडे कमाल मर्यादेचा निधी मागणारे पत्र कसे लिहावे

नागपुरातील ज्या महाविद्यालयात मी शिकवतो, तेथे तृतीय वर्षाच्या क्लाउड प्रात्यक्षिकांसाठी मी पहिल्यांदा पैसे मागितले तेव्हा माझे पत्र चौथ्या दिवशी परत आले. समासात एकच शेरा होता : “खर्चाची कमाल मर्यादा स्पष्ट करावी.” मी पत्रात ‘अंदाजे सात हजार रुपये’ असे लिहिले होते आणि ते पुरेसे आहे असे मला वाटत होते. प्राचार्यांचा प्रश्न मात्र सात हजारांविषयी नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याने चूक केली आणि बिल सत्तर हजारांचे आले, तर ते कोण भरणार, हा तो प्रश्न होता, आणि माझ्या पत्रात त्याचे उत्तर नव्हते. पुढे तेच पत्र मी नव्याने लिहिले आणि ते मंजूर झाले. या विषयाचा पहिल्यांदाच प्रस्ताव करणाऱ्या अध्यापकांसाठी ती रीत येथे क्रमाने देत आहे. उदाहरण ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या सेवेचे घेतले आहे, कारण हिशेब मी तेथे केला आहे.

पहिली पायरी : फुकटची वाट आधी तपासावी

पत्र हाती पडताच विभागप्रमुख आणि प्राचार्य दोघेही विचारणार की हे विनामूल्य का होत नाही. प्रश्न रास्त आहे. एडब्ल्यूएसचा ‘अकॅडमी’ हा कार्यक्रम शिक्षणसंस्थांना शुल्काशिवाय मिळतो आणि त्यातील लर्नर लॅबमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला ठरावीक रक्कम आधीच बांधून दिलेली असते. तुमचे महाविद्यालय त्याचे सदस्य असेल आणि तुमची प्रात्यक्षिके त्यात बसत असतील, तर हा लेख येथेच बाजूला ठेवावा, पैसे मागण्याचे कारण उरत नाही. मायक्रोसॉफ्टची ‘अझूर फॉर स्टुडंट्स’ ही सवलतही क्रेडिट कार्डाशिवाय १०० डॉलरची आहे, पण तिच्यासाठी विद्यार्थ्याकडे शिक्षणसंस्थेचा ईमेल पत्ता लागतो. आमच्यासारख्या अनेक संलग्न महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना असा पत्ता दिलेलाच नसतो.

आमच्याकडे अकॅडमीच्या नोंदणीचे कागद सुरू होते, पण सत्र सुरू होण्याआधी ते पूर्ण होणार नव्हते. म्हणून मी पत्रात निधी एका सत्रापुरता मागितला आणि नोंदणीची स्थिती दोन ओळींत मांडली. नव्या खात्यावर सुरुवातीला मिळणारी क्रेडिट ही सवलतही असते, परंतु ती ग्राहकाला एकदाच मिळते. ती मिळाली तर खर्च कमी होईल. मर्यादेचा आकडा मात्र तिच्या भरवशावर लिहू नये, कारण पुढच्या वर्षी तोच आकडा खोटा ठरतो.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. विद्यार्थ्यांना स्वतःच्या किंवा वडिलांच्या कार्डावर खाती उघडायला लावू नये. एखाद्याचे बिल आले, तर ते पालक तुमच्याच टेबलाशी येऊन उभे राहतील, आणि त्यांचे म्हणणे चुकीचेही नसेल.

दुसरी पायरी : यंत्र-तास मोजावेत

हिशेब विद्यार्थ्यांच्या संख्येवरून सुरू करू नये. बिल यंत्र किती तास चालू होते यावर येते, म्हणून तास हेच मोजायचे माप आहे.

माझ्या वर्गात ६० विद्यार्थी, २० जणांच्या तीन बॅच आणि सत्रात १२ प्रात्यक्षिके होती. प्रात्यक्षिक दोन तासांचे असते, पण यंत्र सुरू करणे, उशिरा येणारे आणि शेवटची आवराआवर धरून मी प्रत्येकी अडीच तास धरले. म्हणजे ६० गुणिले १२ गुणिले २.५ असे १,८०० यंत्र-तास झाले. काटोल, उमरेड, रामटेककडून एसटीने येणारी मुले पावसाळ्यात हमखास एखादे प्रात्यक्षिक चुकवतात. त्यांच्या भरपाईसाठी आणि परीक्षेपूर्वीच्या सरावासाठी मी प्रत्येकी सहा तास, म्हणजे ३६० तास जोडले. एकूण २,१६० तास झाले.

यंत्र निवडताना मोह टाळावा. लिनक्स, एक वेब सर्व्हर आणि एखादा लहान डेटाबेस एवढ्यासाठी `t3.small` पुरते. त्यात दोन व्हर्च्युअल सीपीयू आणि दोन जीबी मेमरी असते. मुंबई विभागात, म्हणजे `ap-south-1` मध्ये, त्याचा दर मी हिशेब केला तेव्हा ताशी ०.०२२४ डॉलर होता. याशिवाय १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर लागतात. जुने अंदाजपत्रक समोर ठेवून नवे करणारे बहुतेक जण नेमके हेच विसरतात. डॉलरला ९० रुपये धरून दोन्ही मिळून ताशी २ रुपये ४७ पैसे होतात. मी २ रुपये ५० पैसे धरले. २,१६० तासांचे ५,४०० रुपये झाले. तुमचा हिशेब करताना त्या दिवशीचे दर पाहून हे दोन आकडे बदलून घ्यावेत.

आता डिस्क. नवख्याचे अंदाजपत्रक बहुतेक येथेच फसते. यंत्र थांबवले की यंत्राचे भाडे थांबते, पण त्याला जोडलेल्या डिस्कचे भाडे चालूच राहते. साठही विद्यार्थ्यांची यंत्रे सत्रभर ‘थांबवून’ ठेवली आणि प्रत्येकाची डिस्क ८ जीबीची असेल, तर एकूण ४८० जीबी होतात. महिन्याला जीबीमागे सुमारे ८ रुपये २० पैसे दराने ते ३,९३६ रुपये होतात, आणि चार महिन्यांचे १५,७४४. म्हणजे चालू यंत्रांपेक्षा झोपलेल्या डिस्कचा खर्च जवळजवळ तिप्पट झाला.

यावर उपाय असा की प्रात्यक्षिक संपताच यंत्र थांबवायचे नाही, कायमचे काढून टाकायचे. आवश्यक सॉफ्टवेअर बसवलेली एक प्रतिमा तयार करून ठेवायची, प्रत्येक वेळी तिच्यावरून नवे यंत्र उभे करायचे, आणि विद्यार्थ्याने आपले काम गिट भांडारात टाकूनच उठायचे. यंत्र काढले की त्याची मूळ डिस्कही, वेगळी सूचना दिली नसेल तर, सोबत जाते. मग डिस्क फक्त २,१६० तासांपुरती उरते आणि तिचा सत्राचा खर्च २०० रुपयांच्या आत राहतो. प्रतिमेच्या साठवणीचे आणि किरकोळ फाइलींचे मी १५० रुपये धरले. मुले पहिले दोन आठवडे कुरकुरतात, कारण काम टाकायचे विसरले की ते गेलेच, पण तिसऱ्या आठवड्यापासून गिट आपोआप अंगवळणी पडते.

येथवर बेरीज ५,७५० रुपये झाली. जुलै-ऑगस्टमधल्या वादळी पावसात आमच्याकडे वीज किंवा इंटरनेट गेले की अर्धे प्रात्यक्षिक पुन्हा घ्यावे लागते, म्हणून दोन प्रात्यक्षिकांची पुनरावृत्ती, म्हणजे ३०० तासांचे ७५० रुपये, जोडले. कराआधीचा आकडा ६,५०० झाला. त्यावर १८ टक्के जीएसटी १,१७० रुपये, म्हणजे ७,६७०. महाविद्यालयाला या जीएसटीची वजावट सहसा मिळत नाही, म्हणून तो खर्चातच धरावा आणि लेखापालांकडून एकदा खात्री करून घ्यावी.

तिसरी पायरी : मर्यादा कशाने पाळली जाणार ते ठरवावे

पत्राचा खरा जीव या पायरीत आहे. पुष्कळांची समजूत अशी असते की क्लाउडच्या पानावर ‘बजेट’ भरले की त्या रकमेला सेवा आपोआप बंद पडते. तसे होत नाही. एडब्ल्यूएसमधील Budgets हे मुळात सूचना देणारे साधन आहे. रक्कम ओलांडली की ते ईमेल पाठवते आणि यंत्रे चालूच राहतात. शिवाय बिलाची माहिती क्षणोक्षणी ताजी होत नाही, ती काही तासांच्या अंतराने, दिवसातून मोजक्या वेळा अद्ययावत होते. म्हणून ‘आम्ही बजेट लावले आहे’ हे वाक्य पत्रात मर्यादा म्हणून लिहू नये. ते लिहिणाऱ्याला फसवते आणि वाचणाऱ्यालाही.

मर्यादा बांधायची असेल तर प्रश्न उलटा विचारावा लागतो : सूचना एक दिवस उशिरा आली, असे धरले, तर त्या एका दिवसात या खात्यातून जास्तीत जास्त किती रुपये जाऊ शकतात? हा आकडा आपल्याला बांधता येतो, आणि तो तीन गोष्टींनी बांधला जातो.

पहिली गोष्ट कोटा. एका विभागात एकाच वेळी किती सीपीयू चालवता येतील यावर खात्याला कोटा असतो आणि तो Service Quotas या पानावर दिसतो. नव्या खात्यात तो अनेकदा फार कमी असतो. एका बॅचला २० यंत्रे, प्रत्येकी दोन सीपीयू, म्हणजे ४० लागतात. मागणी ४० चीच करावी, ‘असू द्या हाताशी’ म्हणून १०० ची करू नये. कोटा आधीच जास्त असेल, तर पुढच्या गुणाकारात तोच आकडा धरावा. वाढीच्या विनंतीला उत्तर यायला वेळ लागू शकतो, म्हणून ती पहिल्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी करू नये.

दुसरी गोष्ट यंत्राचा प्रकार. ४० सीपीयूंमध्ये महागडी यंत्रेही बसू शकतात, त्यामुळे `t3.small` सोडून दुसरे काही सुरूच होणार नाही असा नियम खात्यातील विद्यार्थ्यांच्या वापरकर्ता-गटाला लावावा :

```json
{
  "Version": "2012-10-17",
  "Statement": [{
    "Effect": "Deny",
    "Action": "ec2:RunInstances",
    "Resource": "arn:aws:ec2:*:*:instance/*",
    "Condition": {
      "StringNotEquals": {
        "ec2:InstanceType": "t3.small"
      }
    }
  }]
}
```

या नियमाला एक मागचे दार आहे. थांबवलेल्या यंत्राचा प्रकार नंतर बदलता येतो, म्हणून `ec2:ModifyInstanceAttribute` ही परवानगी गटाला देऊच नये. एकूणच परवानग्या मोजून द्याव्यात : यंत्र सुरू करणे, पाहणे, काढणे आणि तेवढ्यापुरते जे लागेल ते, तेही फक्त मुंबई विभागात. व्यवस्थापित डेटाबेस, नॅट गेटवे यांसारख्या सेवा एकदा सुरू केल्या की कोणी वापरल्या नाहीत तरी तासाने आकारणी करत राहतात. त्या गटाच्या हाती नसल्या की तो धोका राहत नाही.

तिसरी गोष्ट बारीक आहे आणि ती मला स्वतःला उशिरा कळली. `t3` जातीची यंत्रे मूळ सेटिंगमध्ये ‘अमर्याद’ पद्धतीने सुरू होतात. नेमून दिलेल्या वाट्यापेक्षा सीपीयू जास्त आणि सतत वापरला, तर यंत्र मंद होत नाही, जादा वापराचे प्रत्येक सीपीयूमागे ताशी ०.०५ डॉलर लावले जातात. `t3.small` चा वाटा प्रत्येक सीपीयूच्या २० टक्के आहे. कोणी दोन्ही सीपीयू पूर्ण ताणाने चालू ठेवले, तर वरच्या ८० टक्क्यांचे ताशी सुमारे ७ रुपये २० पैसे वाढतात आणि अडीच रुपयांचे यंत्र पावणेदहा रुपयांचे होते. खात्यासाठी ही पद्धत एका आदेशाने बदलता येते :

```
aws ec2 modify-default-credit-specification \
  --region ap-south-1 --instance-family t3 \
  --cpu-credits standard
```

यानंतर जादा ताण दिला तर यंत्र मंद होते, बिल वाढत नाही. यंत्र सुरू करताना एखादा विद्यार्थी हा पर्याय हाताने पुन्हा बदलू शकतो, त्यामुळे प्रयोगशाळा सहायकाने आठवड्यातून एकदा बिलाच्या तपशिलात `CPUCredits` असे नाव असलेली ओळ दिसते का ते पाहावे. ती दिसली तर कोणीतरी बदल केला आहे.

या तिन्ही गोष्टी जागेवर असतील, तर एका दिवसाची कमाल गळती सांगता येते. २० यंत्रे, २४ तास, अडीच रुपये : १,२०० रुपये. डिस्कचे चाळीसेक रुपये धरून मी १,२५० घेतले आणि करासह ते १,४७५ झाले. ‘अमर्याद’ पद्धत तशीच राहिली असती, तर हाच आकडा कराआधी साडेचार हजारांच्या पुढे गेला असता.

म्हणजे मागायची मर्यादा ७,६७० अधिक १,४७५, म्हणजे ९,१४५, अर्थात पूर्णांकात ९,२०० रुपये. विद्यार्थ्यामागे हे सुमारे १५३ रुपये पडतात.

याखेरीज प्रत्येक यंत्राला आपला शेवट ठरवून द्यावा. यंत्र सुरू होतानाच्या स्क्रिप्टमध्ये `shutdown -h +150` ही एक ओळ टाकावी आणि यंत्र आतून बंद झाले तर ते काढून टाकले जावे, असा पर्याय निवडावा. अडीच तासांनी यंत्र स्वतःच नाहीसे होते. हुशार विद्यार्थी ही वेळ रद्द करू शकतो, म्हणून मर्यादेच्या हिशेबात मी या ओळीवर भरवसा ठेवला नाही. रोजची शिस्त मात्र तिच्यामुळेच टिकते.

चौथी पायरी : बजेट भरताना तीन ठिकाणी जपावे

Budgets मध्ये रकमेबरोबर कृतीही जोडता येते. यंत्रे थांबवण्याची कृती आपल्या कामाची नाही, कारण तिला ठरावीक यंत्रांचे क्रमांक द्यावे लागतात आणि आपली यंत्रे दर प्रात्यक्षिकाला नवी असतात. त्याऐवजी विद्यार्थ्यांच्या गटावर `ec2:RunInstances` पूर्णपणे नाकारणारा नियम आपोआप चढेल, अशी कृती निवडावी. त्यानंतर नवे यंत्र सुरू होत नाही आणि चालू असलेली अडीच तासांत संपतात.

पहिला सापळा कालावधीचा आहे. मासिक बजेट निवडले, तर दर महिन्याला मोजणी शून्यापासून सुरू होते आणि चार महिन्यांत चौपट खर्च होऊनही कृती घडत नाही. विषम सत्र जुलै ते नोव्हेंबर, म्हणजे एकाच कॅलेंडर वर्षात बसते, म्हणून वार्षिक कालावधी निवडावा आणि त्या खात्यात दुसरे काही चालवू नये. दुसरा सापळा असा की बजेटमध्ये कर आणि क्रेडिट धरायचे की वगळायचे हे विचारलेले असते. दोन्ही वगळावेत, म्हणजे आकडा आपल्या कराआधीच्या ६,५०० रुपयांशी जुळतो. क्रेडिट वगळले नाही, तर ते संपेपर्यंत खर्च शून्यच दिसतो आणि संपल्यावर एकदम उडी मारतो.

तिसरा सापळा चलनाचा. मंजुरी रुपयांत आहे आणि बजेट डॉलरमध्ये. ९० च्या दराने ६,५०० रुपयांचे ७२ डॉलर होतात. डॉलर ९५ वर गेला, तर तेच ७२ डॉलर आणि एका दिवसाची गळती मिळून करासह ९,६०० च्या पुढे जातात, म्हणजे मंजुरी ओलांडली जाते. तेव्हा आकडा ६८ वर आणावा लागतो. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला दर पाहून हा आकडा तपासायचा, हे मी पत्रातच लिहून दिले होते, आणि लेखापालांना पत्रातली तीच ओळ सर्वांत आवडली.

पाचवी पायरी : पैसे कोणत्या वाटेने जातील

खाते महाविद्यालयाच्या नावाने आणि महाविद्यालयाच्या ईमेलवर उघडावे. अध्यापकाच्या वैयक्तिक कार्डावर चालवून नंतर परतावा घेऊ नये. दर महिन्याला वेगळे देयक, वेगळी टिपणी आणि वेगळी सही लागते, आणि अध्यापक बदलून गेला की खातेही त्याच्याबरोबर जाते. मुख्य खात्याचा पासवर्ड विभागप्रमुखांकडे ठेवावा आणि स्वतःला विद्यार्थ्यांच्याच गटात टाकून घ्यावे. मर्यादा मागणाऱ्यावरही ती लागू आहे, हे प्राचार्यांना सांगता येते.

लेखा विभागात पत्राआधी एकदा जाऊन यावे. मला तेथे पहिला प्रश्न आला तो असा : “सर, ही रक्कम कुठल्या शीर्षात टाकायची? वस्तू तर काही येणार नाही.” यंत्रसामग्रीच्या खरेदीत ही बसत नाही, कारण साठा नोंदवहीत चढवायला काहीच नसते. आमच्याकडे ती प्रयोगशाळेच्या आवर्ती खर्चात बसली. शीर्ष आधी ठरले नाही, तर मंजूर पत्रही टेबलावर पडून राहते.

सहावी पायरी : पत्र

पत्र एका पानाचे असावे आणि हिशेब सहपत्रात जावा. मर्यादेचा आकडा विषयातच यावा. वरचा तांत्रिक तपशील पत्रात ओतू नये, प्राचार्यांना `t3.small` कळण्याची गरज नाही. नमुना असा :

> प्रति,
> मा. प्राचार्य,
> ……… महाविद्यालय, नागपूर
>
> मार्फत : विभागप्रमुख, संगणकशास्त्र विभाग
>
> विषय : तृतीय वर्षाच्या क्लाउड प्रात्यक्षिकांसाठी विषम सत्राकरिता कमाल रु. ९,२०० (करासह) इतक्या खर्चास मंजुरी मिळणेबाबत.
>
> महोदय / महोदया,
>
> उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातील क्लाउड विषयाची १२ प्रात्यक्षिके ६० विद्यार्थ्यांकडून करून घ्यावयाची आहेत. विनामूल्य शैक्षणिक कार्यक्रमासाठी महाविद्यालयाच्या नोंदणीची कार्यवाही सुरू असून ती या सत्रापूर्वी पूर्ण होण्याची शक्यता नाही. त्यामुळे केवळ या सत्रापुरती सशुल्क सेवा वापरणे आवश्यक आहे.
>
> अपेक्षित खर्च करासह रु. ७,६७० आहे. खर्चाची माहिती सेवेच्या पानावर उशिरा दिसत असल्याने, एका दिवसात होऊ शकणारा कमाल जादा खर्च रु. १,४७५ स्वतंत्रपणे राखून ठेवला आहे. एकूण कमाल मर्यादा पूर्णांकात रु. ९,२०० राहील. राखीव रक्कम प्रात्यक्षिकांसाठी वापरली जाणार नाही.
>
> खर्च ठरलेल्या पातळीस पोहोचताच नवीन यंत्रे सुरू होणे आपोआप बंद होईल. उर्वरित प्रात्यक्षिके त्यानंतर प्रयोगशाळेतील संगणकांवर घेण्यात येतील आणि वाढीव निधीची मागणी या सत्रात करण्यात येणार नाही. डॉलरच्या दरातील बदलानुसार ही पातळी दरमहा १ तारखेस तपासली जाईल.
>
> खाते महाविद्यालयाच्या नावे राहील व त्याचे मुख्य अधिकार विभागप्रमुखांकडे राहतील. मासिक देयक व यंत्र-तासांचा तक्ता प्रत्येक महिन्याच्या १० तारखेपर्यंत लेखा विभागास सादर करण्यात येईल.
>
> तरी प्रयोगशाळा आवर्ती खर्च या शीर्षातून वरील खर्चास मंजुरी मिळावी, ही विनंती.
>
> आपला / आपली विश्वासू,
> ………
> सहायक प्राध्यापक
>
> सहपत्रे : १) खर्चाचा तपशीलवार हिशेब २) प्रात्यक्षिकांची यादी ३) विनामूल्य कार्यक्रमाच्या नोंदणी अर्जाची प्रत

यातील ‘उर्वरित प्रात्यक्षिके प्रयोगशाळेतील संगणकांवर घेण्यात येतील’ हे वाक्य गाळू नये. मर्यादा संपल्यावर अभ्यासक्रम अडून बसणार असेल, तर ती मर्यादा कोणी खरी मानत नाही, कारण मग वाढीव पत्र येणारच. मी शेवटची तीन प्रात्यक्षिके स्थानिक व्हर्च्युअल यंत्रांवरही होतील अशी बेतली होती आणि क्लाउडशिवाय न होणारी आधी घेतली होती. क्रम लावतानाच हे जमवावे लागते.

पत्राची एक प्रत आवक क्रमांक घालून स्वतःकडे ठेवावी. आठवडाभरात हालचाल झाली नाही तर विभागप्रमुखांना आठवण द्यावी, परस्पर प्राचार्यांच्या दालनात जाऊ नये. पत्र ‘मार्फत’ गेलेले असते आणि विभागप्रमुखांना डावलल्याचे पुढच्या पत्राच्या वेळी बरोबर आठवते.

मंजुरीनंतर

पहिल्या बॅचच्या आधी स्वतः एक यंत्र सुरू करून पाहावे, मग मुद्दाम मोठ्या प्रकारचे यंत्र सुरू करण्याचा प्रयत्न करावा. नकाराचा संदेश आला तर नियम लागला आहे. यंत्र सुरू झाले, तर नियम चुकीच्या गटाला जोडला गेला आहे. बजेटची कृतीही तशीच तपासावी : रक्कम थोडा वेळ एक डॉलरवर आणून दुसऱ्या दिवशी गटावर नकाराचा नियम चढला का ते पाहावे, आणि नंतर तो काढून रक्कम पूर्ववत करावी. ही परीक्षा घेताना खात्यात एक डॉलरपेक्षा जास्त खर्च झालेला असावा लागतो, अन्यथा काहीच घडणार नाही आणि तुम्ही उगाच घाबराल.

मासिक तक्त्यात चारच रकाने पुरतात : ठरलेले यंत्र-तास, झालेले यंत्र-तास, देयकाची रक्कम आणि शिल्लक. झालेले तास ठरलेल्यांपेक्षा बरेच जास्त दिसले, तर बहुधा बंद होण्याची वेळ कोणी रद्द केली आहे. तास बरोबर असून रक्कम जास्त असेल, तर डिस्क मागे राहिल्या आहेत किंवा सीपीयूची ती ओळ आली आहे. हिवाळी परीक्षेची प्रात्यक्षिके आटोपली की प्रतिमा, तिची साठवलेली प्रत आणि उरलेल्या डिस्क काढून टाकाव्यात, पुढच्या महिन्याचे देयक शून्य आल्याचे पाहावे आणि ते शेवटचे देयक तक्त्याला जोडून लेखा विभागात द्यावे.